गुंडाळी कुठे ठेवायची? गुडघा बदललेल्या मावशींच्या व्यायामाच्या कागदाचं प्रकरण

मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा ऑपरेशनला १६ दिवस झाले होते. वय ६४, उजव्या गुडघ्याचं प्रत्यारोपण पुण्यात झालेलं. पाचव्या दिवशी घरी सोडलं आणि टाके काढून झाल्यावर सर्जननी सांगितलं, की आता गावाजवळच्या फिजिओकडे जा. आमच्या तालुक्याच्या गावात माझा छोटा दवाखाना आहे, म्हणून त्या सुनेबरोबर वॉकर टेकत आल्या. सुनेच्या हातातल्या फाइलमध्ये डिस्चार्ज कार्डामागे एक कागद होता. त्यावर आठ व्यायाम, आठ चित्रं आणि सगळा मजकूर इंग्रजीत. झेरॉक्सची झेरॉक्स काढून चित्रांचे पाय काळे ठिपके झाले होते.

मी कोनमापकाने मोजलं. गुडघा ७० अंशांपर्यंतच वाकत होता आणि सरळ होताना १५ अंश आधीच अडकत होता. दोन आठवडे उलटल्यावर साधारण ९० अंश वाकावा आणि जवळपास पूर्ण सरळ व्हावा, एवढी आपली अपेक्षा असते. कमी वाकण्याची मला तितकी चिंता नव्हती, ते मागून येतं. पण १५ अंश वाकडाच राहिलेला गुडघा वाईट. माणूस उभा राहिला की मांडीच्या स्नायूला सतत राबावं लागतं, चालताना लंगड येते, आणि जसजसे आठवडे जातात तसा मागचा भाग आखडून बसतो.

"व्यायाम करता का, मावशी?" असं विचारलं तर थोडं दुखावूनच म्हणाल्या, "रोज करते की बाई. एक दिवस चुकवला नाही."

सून म्हणाली, "खरंच करतात. मीच वाचून सांगते त्यांना."

मी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, घरी जे करता ते मला इथे करून दाखवा, मी मध्ये बोलणार नाही. पुढची वीस मिनिटं मी फक्त बघत राहिले. या प्रकरणातलं जे काही शिकण्यासारखं आहे ते बहुतेक त्या वीस मिनिटांतलंच आहे.

पहिल्यांदा त्यांनी पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली आणि गुडघ्याखाली सारली. मग पाय खालीवर केला. कागदावर पाचव्या चित्रात तेच होतं: गुडघ्याखाली गुंडाळी ठेवून टाच उचलायची आणि गुडघा सरळ करायचा. व्यायाम चुकीचा नव्हता. पण दहा वेळा करून झाल्यावर त्यांनी गुंडाळी काढली नाही. मी थांबले, तरी काढली नाही. शेवटी विचारलं, "ही अशीच ठेवता?"

"दिवसभर ठेवते. रात्री झोपतानासुद्धा. तेवढंच बरं वाटतं."

बरं वाटणारच. सुजलेल्या गुडघ्यात पाणी भरलेलं असतं, आणि गुडघा थोडा वाकलेला असला, साधारण ३० अंशांपर्यंत, की आतल्या पिशवीत सगळ्यात जास्त जागा होते आणि दाब कमी होतो. म्हणूनच नव्या गुडघ्याच्या माणसाला उशी गुडघ्याखाली घ्यावीशी वाटते, आणि म्हणूनच ती घेऊ द्यायची नसते. घरी आल्यापासून, दिवसातले वीस तास, त्यांनी गुडघा वाकडा ठेवायचा व्यायाम केला होता. त्याच कागदावर चौथ्या क्रमांकावर टाचेखाली गुंडाळी ठेवण्याचा व्यायाम होता, पण झेरॉक्समध्ये दोन्ही चित्रं सारखीच दिसत होती. आणि 'गुडघ्याखाली काही ठेवून झोपू नका' हे वाक्य कागदावर कुठेच नव्हतं.

दुसरा घोळ आकड्यांचा. प्रत्येक व्यायामापुढे 10 x 3, TDS असं लिहिलं होतं. आम्हा फिजिओ लोकांना त्याचा अर्थ झोपेतही कळतो: दहाची एक फेरी, अशा तीन फेऱ्या, दिवसातून तीनदा. मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं होतं, तो गुणाकार आहे, तीस वेळा करायचे. सुनेला वाटलं दहा वेळा करायचे आणि पुढचा तीन म्हणजे दिवसातून तीनदा. TDS कुणालाच कळलं नाही. मुलगा बँकेत नोकरीला, त्याला ती तीन अक्षरं फक्त करकपातीची माहीत. मावशींनी या सगळ्यावर आपला तोडगा काढला होता: थकेपर्यंत करायचे. त्यांना दोष देता येत नाही. कागदाप्रमाणे खरोखर केले असते तर आठ व्यायाम, प्रत्येकी ९० वेळा, म्हणजे दिवसाला ७२० हालचाली. ज्याने कुणी हा कागद बनवला त्याने ही बेरीज कधी केली नसावी. माझ्या स्वतःच्या जुन्या कागदाची मी त्या रात्री बेरीज केली, ती ५४० निघाली.

तिसरी गोष्ट मी विचारली नव्हती, सुनेने सहज सांगितली. चार दिवसांपासून पोटरी दुखते, म्हणून ती रोज रात्री कोमट तेलाने चोळून देते.

मी दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या. उजवी अडीच सेंटिमीटरने जाड. ऑपरेशनचा पाय सुजलेला असतोच, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही, आणि पोटरी दाबून किंवा पाऊल वर ओढून बघून शिरेत रक्ताची गाठ आहे की नाही हे हातांना कळत नाही. कुणी कळतं म्हणत असेल तर तो स्वतःला फसवतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा कोर्स दोन दिवसांपूर्वी संपला होता. मी तिथूनच सर्जनना फोन लावला, आणि त्याच दुपारी त्यांना जिल्ह्याच्या गावी डॉप्लर सोनोग्राफीला पाठवलं. रिपोर्ट स्वच्छ आला. पण गाठ असती, तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका होता. चोळणारी सून मनापासून सेवा करत होती, हे जास्त अस्वस्थ करणारं.

"पोटरी दुखतेय हे दवाखान्यात का नाही कळवलं?" मी नंतर विचारलं.

मावशी म्हणाल्या, "अहो, ऑपरेशन झालंय म्हटल्यावर दुखणारच की. रोज उठून कुणाला फोन करणार?"

कागदाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ होती: दुखणं किंवा सूज वाढल्यास कळवा. गुडघा बदललेल्या प्रत्येकाला दुखतं आणि प्रत्येकाला सूज येते. पहिले काही आठवडे ती संध्याकाळी वाढते आणि सकाळी उतरते. त्या ओळीप्रमाणे वागायचं तर रोज संध्याकाळी फोन करावा लागेल. म्हणून पोटरीच्या दुखण्याला त्यांनी नेहमीचं समजून सोडून दिलं. आणि गंमत अशी की गुडघा वाकवताना जी ओढ बसते, जी बसायलाच हवी, तिला त्या धोका समजून थांबत होत्या. एकाच ओळीने दोन उलट्या चुका घडवल्या होत्या.

डॉप्लरचा रिपोर्ट आला त्या रात्री मी नवा कागद लिहायला बसले. मला वाटलं होतं, मराठी करायचं, अक्षर मोठं करायचं, तासाभराचं काम. पहिला मसुदा तासाभरात झालाही. दुसऱ्या दिवशी दवाखाना झाडायला येणाऱ्या आमच्या ताईंना तो दिला आणि म्हटलं, वाचा आणि करून दाखवा. त्यांचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत, म्हणून चुकलं तरी इजा होणार नव्हती.

मी लिहिलं होतं, 'पाय वर उचला.' ताईंनी पाऊल उचललं. बरोबरच आहे. मराठीत मांडीच्या सांध्यापासून बोटांपर्यंत सगळा पायच, आणि पायात चप्पल घालतो तोही पायच. मी लिहिलं होतं, 'पाय सरळ ठेवा.' त्यांनी पाय शेजारच्या पायाला समांतर ठेवला, गुडघा वाकलेलाच. मला म्हणायचं होतं गुडघा ताठ. 'ताण द्या' वाचल्यावर त्यांनी विचारलं, "कशाला? आधीच कमी ताण आहे का?" आणि सगळ्यात मोठी फजिती आकड्यांत झाली. मी लिहिलं होतं, 'दहा वेळा, तीन वेळा.' इंग्रजी काढून टाकलं तरी घोळ तसाच, कारण आपल्याकडे 'वेळा' हा एकच शब्द हालचाल किती करायची त्यालाही चालतो आणि दिवसात किती खेपा बसायचं त्यालाही.

मग मी नियम केला, की कागदात 'पाय' हा शब्दच वापरायचा नाही. मांडी, गुडघा, गुडघ्याची वाटी, लवण, पोटरी, घोटा, टाच, चवडा. हे शब्द मावशींचे रोजचे आहेत. लवण हा शब्द लिहिताना मी बिचकले होते, जुना वाटेल का म्हणून. सुनेला तो माहीत नव्हता, मावशींना मात्र लगेच कळला. 'गुडघ्याच्या मागचा भाग' असं लिहिण्यापेक्षा चित्रात तिथे बाण काढून लवण लिहिलं, म्हणजे दोघींचं भागलं. 'उजवा-डावा' ऐवजी 'ऑपरेशनचा गुडघा' आणि 'चांगला गुडघा'. याला कारण आहे. जुन्या कागदावरच्या सगळ्या चित्रांत डावा पाय होता, आणि दोन व्यायाम मावशी चित्राप्रमाणे डाव्याने करत होत्या.

आकड्यांसाठी शब्द वेगळे केले. हालचालीला 'मोजणी' आणि दिवसातल्या खेपेला 'बैठक'. बैठकीला घड्याळ दिलं नाही. सकाळचा चहा झाल्यावर, दुपारच्या जेवणाआधी आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर, अशा तीन. दुखण्याची गोळी सकाळ-संध्याकाळ होती, ती बैठकीआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची हे गोळीच्या पाकिटावरही चिकटवलं. फेऱ्या काढूनच टाकल्या. एका बैठकीत प्रत्येक व्यायामाच्या दहा मोजण्या, संपलं.

दहा मोजताना त्या चुकायच्या, सातानंतर पुन्हा पाच. त्यावर उपाय त्यांनीच काढला. वाटीत दहा चिंचोके ठेवायचे आणि एक मोजणी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा. मी तो कागदावर छापला.

पाच सेकंद धरून ठेवणं हा आणखी एक नाजूक भाग. घाईच्या माणसाचे पाच सेकंद दोन सेकंदांचे असतात. शिवाय स्नायू आवळून धरताना बहुतेक लोक श्वासही धरतात. मावशींना रक्तदाब आहे, आणि श्वास कोंडून जोर केला की तो तेवढ्यापुरता चढतो. आम्ही तोंडाने सांगत राहतो, श्वास धरू नका, श्वास धरू नका. कोण लक्षात ठेवणार? मावशी माळकरी आहेत. मी म्हटलं, मोठ्याने म्हणा: एक विठ्ठल, दोन विठ्ठल, पाच विठ्ठलपर्यंत. घड्याळ लावून बघितलं, सहा सेकंद भरतात. आणि मोठ्याने बोलणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही, त्यामुळे ती सूचना लिहायची गरजच उरली नाही. (दुसऱ्या रुग्णांच्या कागदावर मी 'एक हजार एक, एक हजार दोन' छापते. सगळे माळकरी नसतात.)

आठ व्यायामांतून पाचच ठेवले. पालथं झोपून गुडघा वाकवण्याचा व्यायाम आधी काढला, कारण त्या वयात पालथं होता येत नाही आणि त्यांनी तो एकदाही केला नव्हता. गुडघा ताठ ठेवून पूर्ण तंगडी उचलण्याचा व्यायामही काढला, पण त्याचं कारण वेगळं. त्यांनी तो करून दाखवला तेव्हा टाच गादीवरून उठताना गुडघा आधी वाकत होता, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूला गुडघा ताठ धरायची ताकद अजून आलेली नव्हती. अशा वेळी तंगडी उचलत राहिलं तर कंबरेजवळचे स्नायूच सगळं काम करतात आणि माणसाला वाटतं व्यायाम झाला. आधी गुडघा गादीत दाबायला शिकायचं, मग उचलायचं. गुडघ्याखाली गुंडाळीचा व्यायाम तर मी जाणूनबुजून काढला. चांगला व्यायाम आहे, पण या घरात त्या गुंडाळीवर माझा विश्वास उरला नव्हता.

गुंडाळीच्या व्यायामाचा मजकूर शेवटी असा झाला:

१. टाचेखाली गुंडाळी
पलंगावर उताणं झोपा. टॉवेलची घट्ट गुंडाळी ऑपरेशनच्या बाजूच्या टाचेखाली ठेवा. गुडघ्याखाली काहीही नको. सुनेने लवणेखालून हात घालून बघावा, आरपार गेला पाहिजे. बोटं छताकडे, चवडा बाहेर कलंडू देऊ नका. ५ मिनिटं तसंच पडून राहा.
लवणेत ओढ बसेल. ती बसायलाच हवी.
झालं की गुंडाळी काढा आणि कपाटात ठेवा. झोपताना गुडघ्याखाली उशी, गुंडाळी, चादर काही नाही.

'कपाटात ठेवा' या दोन शब्दांवर माझ्या एका सहकारी मित्राने हसून विचारलं, हे काय वैद्यकीय मजकुरात? मला ते या कागदातले सगळ्यात महत्त्वाचे शब्द वाटतात. गुंडाळी पलंगावर राहिली की ती गुडघ्याखाली जाते.

दुसरा व्यायाम, पाऊल वरखाली करण्याचा, फार लिहायला लागला नाही. 'शिलाई मशीनचं पायडल मारतो तसं' एवढं पुरलं, मावशींनी तीस वर्षं ब्लाउज शिवले आहेत. तिसरा, लवण गादीत दाबण्याचा. इथे चूक ओळखायची खूण द्यावी लागली, कारण बाहेरून काहीच हललेलं दिसत नाही आणि लोक कुल्ले आवळून मोकळे होतात. म्हणून लिहिलं: 'मांडीवर तळहात ठेवा. मांडी लाकडासारखी कडक झाली आणि गुडघ्याची वाटी थोडी वर सरकली तर बरोबर. नुसते कुल्ले आवळले गेले तर पुन्हा करा.' त्यावर पाच विठ्ठल.

चौथा मात्र मी तीनदा लिहिला. टाच गादीवरून कुल्ल्याकडे ओढत आणायची आणि गुडघा वाकवायचा. चित्रात सोपा दिसतो. घरी काय होतं, तर कापसाच्या मऊ गादीत टाच रुतते, ती ओढायलाच जोर लागतो, आणि माणूस टाच उचलून हवेत गुडघा वाकवतो. शिवाय कंबर उचलून पाय जवळ आणल्यासारखं करतो, गुडघा होता तेवढाच. त्यामुळे कागदात असं आलं: टाचेवर मोजा चढवा, मोज्याखाली प्लास्टिकची पिशवी, म्हणजे टाच घसरते. टाच गादीला लागलेलीच हवी. ओढ बसेपर्यंत आणा, तिथे पाच विठ्ठल थांबा, मग आणखी दोन बोटं पुढे आणा, पुन्हा सरळ करा. ही झाली एक मोजणी.

ते 'सरळ करा' पहिल्या मसुद्यात नव्हतं. ताईंनी टाच वर आणली आणि तशाच थांबल्या. "पुढं काय लिहिलंय?" काहीच लिहिलेलं नव्हतं. आपण व्यायाम लिहितो तेव्हा जाण्याचं लिहितो आणि परत येण्याचं गृहीत धरतो. मोजणी नेमकी कुठे संपते हेही कुणी लिहीत नाही.

पाचवा व्यायाम खुर्चीवर बसून पाऊल फरशीवरून मागे सरकवण्याचा. याचा खरा उपयोग मोजायला झाला. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, पाऊल जिथवर मागे गेलं तिथे टाचेच्या मागे खडूची रेघ मारायची, आठवड्यातून एकदा, रविवारी. ढुंगण खुर्चीवरून पुढे सरकलं तर रेघ खोटी. अंश मावशींना समजत नाहीत, रेघ मागे सरकलेली समजते.

आता धोक्याच्या खुणा. हा भाग कागदाच्या मागच्या बाजूला, पूर्ण पानभर घेतला. दुखणं शून्य ते दहात सांगा हे आमचं नेहमीचं. मावशींना विचारलं की त्या म्हणायच्या, "असेल पाच-सहा," रोजच. भाव केल्यासारखं. त्याऐवजी त्यांच्याच बोलण्यातले तीन शब्द घेतले. 'ओढ' बसली तर करत राहा. 'ठणका' व्यायामानंतर लागला तर बर्फ लावा, बर्फ फडक्यात गुंडाळून, १५ मिनिटं. सकाळी उठल्यावरही कालच्यापेक्षा जास्त ठणकत असेल तर त्या दिवशी दहाऐवजी पाच मोजण्या, पण व्यायाम बंद नाही. 'चमक' आली, म्हणजे सुरी फिरल्यासारखी कळ, तर तो व्यायाम तिथेच थांबवा, आणि पुन्हा करताना पुन्हा आली तर मला फोन.

मग खुणा. मी आधी धोक्याच्याच लिहिल्या होत्या. पण मावशींच्या प्रश्नामुळे लक्षात आलं, की काय धोक्याचं नाही ते आधी सांगितल्याशिवाय धोक्याचं वेगळं दिसत नाही. म्हणून पानाच्या वरच्या भागात, 'हे होतं, घाबरू नका': संध्याकाळी सूज वाढणं, गुडघा हाताला गरम लागणं (हे काही महिने चालतं), टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा, आतून टकटक आवाज, काळंनिळं पोटरीपर्यंत उतरणं.

मधल्या भागात, 'आजच्या आज दवाखान्यात, उद्यावर नको', आणि खाली सर्जनच्या दवाखान्याचा व माझा नंबर:

जखमेतून पाणी किंवा पू येणं. जखमेभोवतीची लाली पसरत जाणं. ताप १००.४ च्या वर. एकाच पोटरीत नव्याने दुखणं, किंवा ती रात्रभर पाऊल उंच ठेवूनही सकाळी सुजलेलीच असणं. पडल्यावर किंवा अचानक गुडघा ताठ करता न येणं. याच चौकटीत, जाड अक्षरांत: पोटरी दुखली तर तेल लावून चोळू नका. शेकू नका. आधी दाखवा.

आणि तळाशी एकच ओळ: अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडलात, तर मला फोन करू नका, १०८ लावा.

'मला फोन करू नका' हे लिहिणं मला जड गेलं. पण गावात लोक ओळखीच्या माणसाला आधी फोन करतात, आणि मी त्या वेळी कुणाच्या तरी खांद्याला मशीन लावून बसलेली असेन. त्यात दहा मिनिटं जातात.

कागद तयार झाल्यावर मावशींना दिला आणि पुन्हा करून दाखवा म्हटलं. यावेळी दोनच चुका झाल्या. एक, पाऊल वरखाली करताना त्या गुडघाही हलवत होत्या. शिलाई मशीनवर गुडघा हलतोच, चूक माझ्या उपमेची. 'गुडघा हलू द्यायचा नाही' ही ओळ वाढवली. दुसरी, मागचं पान त्यांनी उलटलंच नाही. सुनेला विचारलं, तुमच्या सासूबाईंची पोटरी परत दुखली तर काय कराल? ती म्हणाली, "आता चोळणार नाही. पण मग काय करायचं ते..." आणि कागद शोधू लागली. म्हणून मागचं पान वेगळं काढून स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर लावायला दिलं. व्यायामाचं पान पलंगाजवळच्या भिंतीला.

३० व्या दिवशी गुडघा ९५ अंश वाकत होता आणि सरळ व्हायला ५ अंश कमी होता. सहा आठवड्यांनी ११० आणि जवळपास पूर्ण सरळ. हे कागदाचं यश म्हणायचं का? तसं म्हणता येणार नाही. आठवड्यातून दोनदा त्या माझ्याकडे येत होत्या आणि मी हाताने गुडघा सोडवत होते. माझा अंदाज असा, की वाकण्यातली सुधारणा बरीचशी दवाखान्यातल्या त्या खेपांची आणि काळाची, पण सरळ होण्यातली सुधारणा गुंडाळी कपाटात गेल्याची. पहिल्या पाच दिवसांतच १५ चे ९ अंश झाले, तोवर मी फक्त दोनदा हात लावला होता. सहाव्या आठवड्यापर्यंत गुडघा ९० च्याही खाली अडकून राहिला, तर सर्जन भूल देऊन तो वाकवण्याचा विचार करतात. तिथवर वेळ आली नाही.

काही गोष्टी कागदाला जमल्या नाहीत. मांडी घालून खाली बसायचं नाही हे लिहिलं होतं, चित्रासकट. तरी सातव्या आठवड्यात नातवाच्या बारशाला त्या पाटावर बसल्या आणि उठवायला तिघं लागले. घरात कमोडची खुर्ची होती पण ती अंगणातल्या संडासात मावत नव्हती, हे मला महिन्याने कळलं. मी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात मावशींची शेजारीण दवाखान्यात आली. वय ५५ च्या आसपास, गुडघे दुखतात, ऑपरेशन वगैरे काही नाही. हातात माझाच कागद, झेरॉक्स काढलेला. "मावशींना गुण आला म्हणून मीपण सुरू केलं. पण ही टाचेखाली गुंडाळी ठेवली की फार कळ येते हो." तिचा गुडघा आधीच पूर्ण सरळ होत होता. तिला ती गुंडाळी नकोच होती.

आता कागदाच्या डोक्यावर मी रुग्णाचं नाव, कोणता गुडघा, ऑपरेशनची तारीख आणि 'हा कागद या तारखेपर्यंतच वापरायचा' अशी जागा ठेवते आणि समोर बसून पेनने भरते. नाव लिहिलेला कागद लोक शेजाऱ्याला द्यायला थोडे संकोचतात. निदान आतापर्यंत त्या कागदाची दुसरी झेरॉक्स माझ्याकडे आलेली नाही.